नकारात्मक प्रचार-जाहिराती, मतदान आणि विश्वास: निबंध लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

राजकीय संज्ञापनाच्या निबंधासाठी हा विषय घेतला की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. एक अभ्यास म्हणतो मतदान घटतं, दुसरा म्हणतो वाढतं, तिसरा म्हणतो काहीच फरक पडत नाही. मग निबंधात तिन्ही मतं एकाखाली एक लिहिली जातात आणि निष्कर्षाच्या जागी ‘यावर एकमत नाही’ एवढंच उरतं. खरं तर हे अभ्यास एकमेकांशी वाटतात तितके भांडत नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, आणि त्या कशा मोजल्या हे कळलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. बहुतेक पुरावा अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी-जाहिरातींचा असल्यामुळे खालची उदाहरणंही मुख्यतः तिथलीच आहेत.

नकारात्मक जाहिरात नेमकी कशाला म्हणायचं?

संशोधनात याची व्याख्या अगदी साधी आहे. जाहिरात स्वतःच्या उमेदवाराबद्दल बोलण्याऐवजी प्रतिस्पर्ध्यावर टीका करत असेल, तर ती नकारात्मक. टीका खरी आहे की खोटी, सभ्य आहे की असभ्य, याचा या व्याख्येशी संबंध नाही. ‘यांनी अमुक विधेयकाच्या विरोधात मत दिलं’ ही नोंदीवर आधारलेली जाहिरातही नकारात्मक आणि प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारीही नकारात्मक. आधी स्वतःची बाजू आणि मग समोरच्यावर टीका, अशी मिश्र जाहिरात बहुतेक अभ्यासक तुलनात्मक म्हणून वेगळी धरतात.

निबंधात ही व्याख्या पहिल्याच पानावर यायला हवी. ‘नकारात्मक’ म्हणजे ‘घाणेरडी’ असं मनात धरून लिहायला घेतलं की पुढचा सगळा युक्तिवाद घसरतो. राजकीय शास्त्रज्ञ जॉन गीअर यांनी 1960 पासूनच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतल्या जाहिराती तपासल्या. त्यांना असं दिसलं की स्तुतीपर जाहिरातींपेक्षा टीका करणाऱ्या जाहिराती प्रश्नांबद्दल जास्त ठोस बोलतात आणि पुरावाही जास्त देतात. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ‘मी प्रामाणिक आहे’ म्हणायला दाखला लागत नाही, पण ‘तो अप्रामाणिक आहे’ म्हटलं की लोक लगेच पुरावा मागतात.

‘नकारात्मक जाहिरातींमुळे मतदान पाच टक्क्यांनी घटतं’ हे वाक्य सगळीकडे दिसतं. ते आलं कुठून?

1994 साली ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात स्टीफन अन्सोलाबेहेर, शांतो अय्यंगार, ॲडम सायमन आणि निकोलस व्हॅलेंटिनो यांचा एक लेख आला. तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच सुरू झाला.

प्रयोग दक्षिण कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष निवडणुकांच्या काळात झाले. 1990 ची गव्हर्नरपदाची निवडणूक, 1992 च्या सिनेटच्या जागा आणि 1993 ची लॉस एंजेलिसच्या महापौराची निवडणूक त्यासाठी घेतली होती. सहभागी लोकांना प्रयोगशाळेऐवजी घरातल्या बैठकीच्या खोलीसारख्या सजवलेल्या जागेत बोलावलं जाई. त्यांना स्थानिक बातमीपत्राची सुमारे 15 मिनिटांची चित्रफीत दाखवली जाई आणि मधल्या जाहिरातींत प्रचाराची एक 30 सेकंदांची जाहिरात बेमालूम पेरलेली असे. अभ्यास जाहिरातींचा आहे हे त्यांना सांगितलेलं नसे. लोक बातम्या कशा पाहतात याचा अभ्यास चालू आहे, असा त्यांचा समज असे.

या प्रयोगाची खरी करामत जाहिरातीच्या घडणीत होती. स्तुतीपर आणि टीकेची, अशा दोन्ही आवृत्त्यांत दृश्यं तीच, संगीत तेच, निवेदकाचा आवाजही तोच. 1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात तेलविहिरी खोदाव्यात का, हा पेटता प्रश्न होता. एका आवृत्तीत निवेदक सांगे की आमच्या उमेदवाराने या खोदकामाला विरोध केला. दुसऱ्या आवृत्तीत त्याच दृश्यांवर तो सांगे की प्रतिस्पर्ध्याने खोदकामाला पाठिंबा दिला. थोडक्यात, बदलला तो फक्त सूर. तिसऱ्या गटाला प्रचाराची जाहिरात न दाखवता एखाद्या वस्तूची जाहिरात दाखवली गेली. कोणी कोणती चित्रफीत पाहायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरत असल्याने गटांमध्ये आधीपासूनचा फरक असण्याचं कारण नव्हतं. नंतर प्रत्येकाला विचारलं गेलं की तुम्ही मतदान करणार आहात का. टीकेची जाहिरात पाहिलेल्यांमध्ये हा इरादा 5 टक्क्यांनी कमी निघाला.

मग हा आकडा निबंधात लिहायला हरकत काय?

हरकत नाही, पण तो कशाचा आहे हे सांगून लिहा. यात दोन गोष्टी हमखास निसटतात.

पहिली म्हणजे हा फरक स्तुतीपर जाहिरात पाहणारे आणि टीकेची जाहिरात पाहणारे यांच्यातला आहे. प्रचाराची जाहिरात न पाहिलेला गट या दोघांच्या मध्ये बसतो. त्यामुळे ‘जाहिरातच नसती तर’ या कल्पनेशी तुलना केली तर घट साधारण निम्मीच भरते. ‘टीकेमुळे मतदान 5 टक्क्यांनी पडलं’ या वाक्यात, स्तुतीमुळे इरादा थोडा वर गेला होता, ही अर्धी गोष्ट गळून जाते.

दुसरी म्हणजे इथे मोजला गेला तो इरादा. कोण खरोखर मतदानाला गेलं, हे मोजलेलं नाही. मतदान ही चांगली गोष्ट मानली जात असल्यामुळे लोक असा इरादा जरा वाढवूनच सांगतात. जाहिरात पाहून झाल्यावर काही मिनिटांतच प्रश्न विचारला, तर उत्तरात त्या क्षणाचा वैतागही उतरणार. तो मतदानाच्या दिवसापर्यंत टिकतो का, हे या प्रयोगातून कळत नाही. लेखकांनाही ही मर्यादा ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी 1992 च्या सिनेट निवडणुकांत प्रचाराचा सूर आणि प्रत्यक्ष मतदान यांची जोडणी करून पाहिली, आणि कल त्याच दिशेचा मिळाल्याचं सांगितलं. पुढे सगळ्यात कडाक्याचा वाद याच भागावर झाला.

सर्वेक्षणांत याच्या अगदी उलटं कसं दिसलं?

1999 साली मार्टिन वॉटनबर्ग आणि क्रेग ब्रायन्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षणातली उत्तरं तपासली. 1992 मध्ये ज्यांना टीकेची जाहिरात आठवत होती त्यांनी मतदान कमी केलेलं नव्हतं, उलट जास्तच केलेलं दिसलं. त्यावरून त्यांनी 1994 च्या निष्कर्षालाच आव्हान दिलं.

इथे थांबून एक प्रश्न विचारा: जाहिरात आठवते कोणाला? जो राजकारणात रस घेतो, बातम्या लक्ष देऊन पाहतो, त्याला. आणि मतदानाला नेमाने जाणाराही बहुधा तोच. म्हणजे ‘आठवण’ आणि ‘मतदान’ या दोन्हींच्या मागे राजकारणातला रस हे तिसरंच कारण उभं असतं. अन्सोलाबेहेर, अय्यंगार आणि सायमन यांनी त्याच अंकात दिलेल्या उत्तरात नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, जाहिरात आठवणं आणि ती प्रत्यक्ष पाहिलेली असणं या एकच गोष्टी नाहीत.

माझ्या मते या मुद्द्यावर त्यांचं पारडं जड आहे. पण म्हणून त्यांचा मूळ निष्कर्ष सिद्ध होत नाही. सर्वेक्षणाची पद्धत दुबळी निघाली, एवढ्याने प्रयोगातला इरादा प्रत्यक्ष मतदान ठरत नाही.

मतदारसंघांचे आकडे घेऊन सरळ तुलना करता येणार नाही का? जिथे टीका जास्त, तिथे मतदान किती?

करता येते, पण फसवी निघते. उमेदवार टीकेवर पैसा ओततात तो अटीतटीच्या लढती असतात तिथे. अशा ठिकाणी कार्यकर्ते घरोघर फिरतात, वर्तमानपत्रं रकाने भरतात, मतदारालाही आपल्या एका मताने फरक पडेल असं वाटतं. तिथे मतदान वाढलं तर श्रेय जाहिरातीला द्यायचं की चुरशीला? आकडे कितीही जमवले तरी या प्रश्नातून सुटका होत नाही.

यातून जोनाथन क्रॅस्नो आणि डोनाल्ड ग्रीन यांनी हुशारीने वाट काढली. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या प्रसारणक्षेत्रांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. त्यामुळे एकाच राज्यातल्या काही भागांवर अध्यक्षीय प्रचाराच्या जाहिरातींचा मारा होतो आणि काही भागांत त्या जवळपास दिसतच नाहीत. राज्य तेच असल्यामुळे चुरसही तीच राहते. 2000 च्या निवडणुकीत अशा भागांची तुलना केल्यावर जाहिरातींच्या माऱ्याचा मतदानाच्या प्रमाणावर नगण्य परिणाम दिसला.

सगळे अभ्यास एकत्र केले तर काय हाती लागतं?

रिचर्ड लाऊ, ली सिगेलमन आणि आयव्ही ब्राउन रोव्हनर यांनी 2007 मध्ये 111 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तोलले. नकारात्मक प्रचारामुळे मतदान घटतं, याला त्यांना आधार मिळाला नाही. असा प्रचार लक्षात जास्त राहतो, पण त्यामुळे टीका करणाऱ्याला मतं जास्त मिळतात असंही दिसलं नाही. मात्र सरकारवरचा विश्वास आणि आपल्या म्हणण्याला व्यवस्थेत काही किंमत आहे ही भावना, या दोन्ही किंचित खाली जातात, असं त्यांना आढळलं.

तुमच्या निबंधाचा कणा इथे आहे. मतदान आणि विश्वास यांना एकाच वाक्यात ‘लोकशाहीवर दुष्परिणाम’ म्हणून बांधू नका. मतदानावरचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आहे आणि विश्वासावरचा लहान असला तरी खालच्याच दिशेचा आहे. माणसाचा विश्वास उडालेला असूनही तो मतदानाला जाऊ शकतो, कधी तर विश्वास उडाला म्हणूनच जातो.

सरासरी परिणाम शून्य, म्हणजे काहीच परिणाम नाही ना?

नाही. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच.

मतदार दोन निर्णय घेतो. आधी कोणाला मत द्यायचं हे ठरवतो, आणि मग त्या निवडीसाठी घराबाहेर पडायचं की नाही हे ठरवतो. याना क्रुप्निकोव्ह यांनी 2011 च्या लेखात दाखवलं की टीकेचा परिणाम ती यांपैकी कोणत्या टप्प्यावर कानी पडते त्यावर अवलंबून असतो. निवड व्हायची असेल, तर टीका म्हणजे माहिती. दोन उमेदवारांतला फरक तिने ठळक होतो आणि ठरवणं सोपं जातं. पण निवड होऊन गेली आणि नंतर नेमक्या आपल्याच उमेदवारावर टीका ऐकू आली, तर पंचाईत होते. आयत्या वेळी विरोधकाकडे जावंसं वाटत नाही, कारण तो आधीच नापसंत केलेला असतो. आणि आपल्या उमेदवारासाठी रांगेत उभं राहण्याचा उत्साहही उरत नाही. अशा वेळी घरी बसणं ही सर्वांत सोपी वाट असते. म्हणजे मतदान घटण्यासाठी दोन अटी एकत्र जुळाव्या लागतात: टीका निवडीनंतर यायला हवी आणि ती स्वतःच्या पसंतीच्या उमेदवारावर असायला हवी.

हे सरासरीत कसं लपतं ते एका काल्पनिक हिशेबातून पाहू. समजा, एका मतदारसंघात 1000 मतदार आहेत. 400 जणांचं अजून ठरलेलं नाही, 300 जणांनी ‘क’ला पसंती दिली आहे आणि 300 जणांनी ‘ख’ला. शेवटच्या आठवड्यात ‘ख’ने ‘क’वर टीकेची झोड उठवली. न ठरलेल्या 400 जणांपैकी, एरवी गेले नसते असे 12 जण, आता फरक कळला म्हणून मतदानाला गेले. ‘क’च्या 300 पैकी 12 जण हिरमुसून घरी बसले. ‘ख’चे 300 जण होते तसेच राहिले. एकूण मतदानात फरक शून्य. संशोधकाच्या तक्त्यात ‘परिणाम नाही’ अशी नोंद होईल, पण ‘क’ची 12 हक्काची मतं मात्र गेलेली असतील.

म्हणून एखादा अभ्यास निबंधात घेताना त्यातली जाहिरात प्रचाराच्या कोणत्या टप्प्यावरची होती आणि कोणावर टीका करत होती, हे आधी पाहा. पुष्कळ अभ्यासांनी सगळ्या प्रचाराचा सूर एकाच आकड्यात मोजला आहे. तिथे हे दोन्ही तपशील पुसले जातात.

टीका आणि चिखलफेक यांत मतदार फरक करतात का?

करतात. किम कान आणि पॅट्रिक केनी यांनी 1990 च्या सिनेट निवडणुका अभ्यासल्या. प्रचारात रास्त, मुद्द्याला धरून आणि संयमाने केलेली टीका वाढली तसं मतदान वाढताना दिसलं. प्रचार बिनबुडाच्या, कर्कश आरोपांवर उतरला तिथे लोक घरी बसले. प्रचाराच्या सुराचा परिणाम पक्षाशी बांधील नसलेल्या, राजकारणात कमी रस असलेल्या आणि कमी माहिती असलेल्या लोकांवर जास्त होतो, असंही त्यांना आढळलं. 1994 च्या प्रयोगांतही कोणत्याच पक्षाचे नसलेले मतदार जास्त लवकर दुरावताना दिसले होते. पद्धती अगदी वेगळ्या असूनही दोन्हीकडे हे जुळतं, म्हणून या निष्कर्षावर जरा निर्धास्तपणे भर देता येतो.

दुसरी बाजूही मांडायला हवी. डेबोरा ब्रूक्स आणि जॉन गीअर यांच्या 2007 च्या प्रयोगात सर्वांत असभ्य, वैयक्तिक टीका लोकांना मुळीच आवडली नाही, तिच्यातून काही कळलं असंही वाटलं नाही. तरीही त्यांचा राजकारणातला रस आणि मतदानाचा इरादा घटला नाही. म्हणजे एखादी जाहिरात नावडली म्हणून लोक मतदान सोडतील, ही उडी थेट मारता येत नाही.

विश्वास कसा मोजतात, आणि तो खरंच जाहिरातींमुळेच घटतो का?

सहसा दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतात. सरकार योग्य तेच करेल असा भरवसा कितपत वाटतो, हा एक प्रकार. ‘माझ्यासारख्या माणसाला काय वाटतं याची सत्तेतल्या लोकांना फिकीर नसते’ अशा विधानाशी तुम्ही सहमत आहात का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नातून आपलं म्हणणं वर पोचतं की नाही याची भावना मोजली जाते, आणि 1994 च्या प्रयोगात टीकेची जाहिरात पाहिलेल्यांमध्ये हीच भावना कमकुवत झालेली दिसली. या दोन मोजमापांना एकच ‘विश्वास’ म्हणून लिहू नका.

नुसत्या असभ्य सुराने काय होतं, याचा एक नेटका पुरावा डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज यांच्या 2005 च्या प्रयोगात आहे. तो जाहिरातींचा नव्हता, दूरचित्रवाणीवरच्या चर्चेचा होता. नटांना उमेदवारांच्या भूमिकेत बसवून त्यांनी तीच चर्चा दोनदा चित्रित केली. मतभेद तेच, युक्तिवाद तेच. एका चित्रीकरणात बोलणारे एकमेकांचं ऐकून घेतात, दुसऱ्यात मध्येच तोडतात, डोळे फिरवतात, सुस्कारे टाकतात. असभ्य आवृत्ती पाहणाऱ्यांचा राजकारणी आणि राजकीय व्यवस्थेवरचा विश्वास कमी झाला. आशय हलला नव्हता, त्यामुळे मतभेदापेक्षा वागण्याची तऱ्हाच विश्वासाला धक्का देते असं यातून म्हणता येतं.

प्रयोगाबाहेर मात्र जपून लिहा. सरकारवरचा विश्वास आर्थिक स्थिती, युद्धं, घोटाळे आणि आपल्या पसंतीचा पक्ष सत्तेत आहे की नाही, अशा कितीतरी गोष्टींनी हलतो. काही दशकांत विश्वास घसरला आणि त्याच काळात नकारात्मक जाहिराती वाढल्या, एवढ्यावरून एकाला दुसऱ्याचं कारण ठरवता येत नाही.

मतं वाढत नसतील, तर उमेदवार टीकेवर एवढा पैसा का घालतात?

चांगल्या गोष्टीपेक्षा वाईट गोष्टीकडे माणसाचं लक्ष लवकर जातं, आणि टीका झाली की बातमीदार तिचीच बातमी करतात. शिवाय विरोधकाने हल्ला केला असताना गप्प बसण्याची जोखीम कोणाला नको असते. पण टीका उलटतेही. दोनपेक्षा जास्त उमेदवार असतील तर तिसऱ्याचंच फावतं. इटलीतल्या एका महापौरपदाच्या निवडणुकीत व्हिन्सेंझो गालासो, टोमासो नान्निचिनी आणि साल्वातोरे नुन्नारी यांनी प्रत्यक्ष प्रचारात प्रयोग केला. टीका करणारा आणि जिच्यावर टीका झाली ती व्यक्ती, दोघांनाही बाजूला सारून फायदा तिसऱ्या प्रमुख उमेदवाराला झाला. अमेरिकेतले निष्कर्ष बहुपक्षीय लढतींना जसेच्या तसे लावू नयेत, याचं हे चांगलं कारण आहे.

निबंधासाठी मी स्वतः थोड्या जाहिराती तपासल्या तर चालेल का?

जरूर तपासा, पण नियम आधी लिहून ठेवा. एकच निवडणूक घ्या आणि प्रत्येक जाहिरातीसाठी चार नोंदी करा: ती स्तुतीपर, टीकेची की तुलनात्मक, टीका कोणावर, टीका धोरणावर की व्यक्तीवर, आणि ती मतदानाच्या किती दिवस आधीची. टीकेसाठी काही दाखला दिला आहे का, हा पाचवा रकाना ठेवला तर कान आणि केनी यांच्या मुद्द्याशी सांधा जुळतो.

मग त्याच जाहिराती दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या नोंदी न दाखवता वर्गवारीसाठी द्या. दोघांच्या नोंदी किती ठिकाणी जुळल्या ते मोजून निबंधात लिहा. तुलनात्मक जाहिरातींवर मतभेद हमखास होतात. तसं झालं तर ‘निम्म्याहून जास्त वेळ प्रतिस्पर्ध्यावर असेल तर टीकेची’ असा काहीतरी ठरावीक नियम करा आणि सगळ्या जाहिराती पुन्हा पहिल्यापासून तपासा. एवढ्या कामातून प्रचाराचा सूर कधी आणि कोणावर कडवट होत गेला, हे सांगता येईल. त्यामुळे मतदान किती हललं, हे मात्र या रकान्यांतून सांगता येणार नाही. त्यासाठी क्रॅस्नो आणि ग्रीन यांना सापडली तशी, जाहिराती पोचलेल्या आणि न पोचलेल्या पण बाकी सारख्याच मतदारांची तुलना लागेल.